भावाला लिहिलेले पत्र: सट्ट्यात गेलेले पैसे सट्ट्यातूनच परत आणायचा हट्ट

मांजराकाठची (धागाकर्ती)

नमस्कार. माझा मोठा भाऊ सेलू तालुक्यात सात एकर शेती करतो आणि मी लातूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. क्रिकेटच्या सट्ट्यात गेलेले पैसे भरून काढण्यासाठी तो अजून पैसे लावतो आहे. त्याला लिहिलेले पत्र, नावे काढून, खाली देत आहे. ते असेच पाठवावे का, आणि शेवटी मी जे देऊ केले आहे ते योग्य आहे का, एवढेच मला विचारायचे आहे.

ती. दादास, शि. सा. न.

फोनवर हा विषय काढला की तू सोयाबीनच्या फवारणीवर बोलू लागतोस, म्हणून लिहिते आहे. वहिनीची पोत तारण ठेवल्याचे मला वहिनीने सांगितले नाही. पोळ्याला आले होते तेव्हा धुवायला टाकलेल्या तुझ्या सदऱ्याच्या खिशात बँकेची पावती निघाली, घडीच्या रेघेवर शाई उडालेली, पण आकडा स्पष्ट वाचता येत होता. त्यानंतर तू सांगितलेस ते मी वहीत मांडले आहे. पोतीवर १,४०,०००, मोंढ्यातल्या आडत्याकडून येणाऱ्या मालावर घेतलेली उचल ८०,०००, मित्रांचे हातउसने ६०,०००, सावकाराचे १,००,००० दरमहा शेकडा पाचने, आणि ज्याने तुला आयडी दिला त्याचे ९०,०००. एकूण ४,७०,०००. यात सोसायटीचे पीककर्ज धरलेले नाही.

तुझे म्हणणे असे, की आता थांबलो तर हे सगळे बुडाले आणि अजून थोडे खेळलो तर निघेल, आणि निघाले की कायमचे बंद. दादा, बुडायचे ते आधीच बुडालेले आहे. तू थांबल्यामुळे त्यात एका रुपयाची भर पडत नाही, आणि उद्याच्या सामन्याला तुझे काल किती गेले हे ठाऊक नसते.

हरले की पुढच्या वेळी दुप्पट लावायचे, म्हणजे एकदा जिंकले तरी मागचे सगळे निघते, हा तुझा हिशेब मी करून पाहिला. ५०० ने सुरुवात केली तर पुढे १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,००० आणि ३२,०००. सात वेळा ओळीने हरलास की ६३,५०० गेलेले असतात, आणि आठव्या वेळी ६४,००० लावून जिंकलास तरी सगळ्या व्यवहारात तुझ्या पदरात ५०० रुपये पडतात. प्रत्येक पैज अगदी बरोबरीची धरली तरी सात वेळा ओळीने हरण्याची शक्यता १२८ त एक आहे. तुला ती लांबची वाटते. पण आयपीएलच्या एका मोसमात सत्तरहून अधिक सामने असतात, एकेका सामन्यात तू चार-पाच सेशन खेळतोस, ती संपली की पुढे वेस्ट इंडीजमधली लीग येते, म्हणजे अशी ओळ येणार की नाही हा प्रश्नच उरत नाही, ती कोणत्या आठवड्यात येईल एवढेच ठरायचे असते. तुझी ती मे महिन्यात आली.

पोळ्याच्या रात्री तू फोन घेऊन टीव्हीसमोर बसला होतास तेव्हा मी तुझ्या मागे होते. पडद्यावर गोलंदाज अजून धावतच होता आणि तुझ्या फोनवरचा भाव बंद होऊन बदललासुद्धा होता. टीव्हीवरचे चित्र काही सेकंद उशिरा पोचते. तू ज्या चेंडूचा अंदाज बांधतोस तो समोरच्या माणसाच्या लेखी टाकून झालेला असतो, आणि तरीही तू त्याला खेळाचे ज्ञान म्हणतोस. तू तालुक्याच्या संघात यष्टिरक्षण केलेस, तुला खेळ कळतो, हे मी कुणाहीपुढे सांगेन. पण ते ज्ञान या जागी उपयोगाचे नाही.

माझी दोन लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडून मी तुझ्या खात्यावर टाकते. त्याबदल्यात आईची शपथ घेऊन मला शब्द दे, की यापुढे हात लावणार नाहीस. यांच्याशी माझे बोलणे झाले आहे, त्यांची हरकत नाही. अण्णांना मी काही सांगितलेले नाही.

तुझी,
ताई

(घरात तो मला ताई म्हणतो, मी धाकटी असूनही.)

---

पूर्णेचा_पाहुणा

ताई, फार काळजी करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि संघ निवडून पैसे लावायची ती ॲपे त्यानंतर बंद झाली. माझ्या पुतण्याचे असेच व्यसन होते, ते आपोआप सुटले. भावाच्या फोनमधून ॲप काढून टाका म्हणजे झाले.

---

वहीवाल्याचा_भाऊ

पाहुणे, आपण म्हणता ती संघ निवडायची ॲपे वेगळी आणि धागाकर्तीच्या भावाचा व्यवहार वेगळा. त्यांनी 'आयडी', 'सेशन' आणि उधारी हे शब्द वापरले आहेत. आयडी व्हॉट्सॲपवर ओळखीच्या माणसाकडून मिळतो, संकेतस्थळ परदेशात असते, एक पत्ता बंद झाला की दुसऱ्या दिवशी नवा येतो. नव्या कायद्यात चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे खरे. पण त्यामुळे गल्लीतला आयडीवाला नाहीसा झालेला नाही.

माझ्या मावसभावाने एका बुकीकडे वही लिहिली आहे, त्यामुळे आतली बाजू थोडी ठाऊक आहे. पत्रातला हिशेब बरोबरीची पैज धरून केला आहे आणि ती बरोबरीची नसते. सहा षटकांच्या सेशनला ४८-५० असा भाव निघतो. 'यस' म्हणणाऱ्याला ५० किंवा जास्त धावा लागतात, 'नो' म्हणणाऱ्याला ४७ किंवा कमी. धावा ४८ किंवा ४९ झाल्या की दोघांचेही पैसे बुकीचे. ही फट लहान दिसते, पण जो माणूस संध्याकाळभरात तेच दहा हजार पुन्हा पुन्हा फिरवतो त्याच्याकडून ती प्रत्येक फेरीत वसूल होते. म्हणून हरलेले भरून काढायला निघालेला माणूस बुकीचा सर्वांत आवडता गिऱ्हाईक असतो. तो मोठी रक्कम लावतो आणि थांबत नाही.

दुसरे म्हणजे उधारी. रोख भरून खेळणाऱ्याचा खिसा रिकामा झाला की रात्र संपते. उधारीवर मर्यादा दिलेली असते आणि हिशेब सोमवारी होतो, त्यामुळे रविवारची रात्र सगळ्यांत वाईट. आठवड्याचे गेलेले एका सामन्यात काढायचे असतात. मावसभाऊ सांगतो की वहीत सर्वांत मोठे आकडे रविवारी रात्री दहानंतर पडायचे. तुमच्या भावाचे ९०,००० असेच साचले असतील. त्यातले थोडेसे त्यांनी फेडले, की आयडीवाला मर्यादा पुन्हा मोकळी करतो, वरून 'दादा, तुमच्यासाठी वाढवली' म्हणतो. ठेव मोडून पैसे त्यांच्या खात्यावर टाकलेत तर पहिले हेच होईल.

---

काळी_माती

मला तर प्रश्नच कळत नाही. सट्ट्याचे देणे हे देणेच नव्हे. करार कायदा १८७२, कलम ३०: पैजेचा करार रद्दबातल, वसुलीचा दावा चालत नाही. एक रुपया देऊ नका, ना बुकीला, ना सावकाराला, ना मित्रांना, कारण सगळे पैसे जुगारासाठीच घेतले होते. उलट सरळ पोलिसांत तक्रार करा.

---

निवृत्त_नांदेड

मी बँकेत कर्जवसुलीच्या विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे काळी_माती यांच्या उत्तरातला बरोबर भाग आणि घातक भाग वेगळा करून सांगतो. कलम ३० विषयी ते बरोबर आहेत. आयडीवाल्याला ९०,००० साठी न्यायालयात जाता येणार नाही. परंतु मित्रांनी हातउसने दिलेले पैसे आणि सावकाराचे कर्ज त्या कलमात आपोआप बसत नाही, आणि बँकेचे सोनेतारण तर मुळीच नाही. शिवाय पहिला प्रश्न विचारायला हवा तो हा, की दादाने कुणाला सही केलेले कोरे धनादेश दिले आहेत का. धनादेश परत गेला की धनादेशांच्या वेगळ्या कायद्यातला कलम १३८ चा खटला होतो, आणि तिथे देणे कायदेशीर होते असे न्यायालय आधी गृहीत धरते. ते तसे नव्हते हे दाखवायचे काम सही करणाऱ्यावर येते. ते दाखवता येते, पण तोवर तारखांना फिरावे लागते.

आता सावकार. त्याच्याकडे परवाना आहे का, हे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारता येते. महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ चा आहे. शेकडा पाच दरमहा म्हणजे वर्षाला साठ टक्के, असा दर परवानाधारकाला लावता येत नाही. आपल्या भागात विनापरवाना सावकार नुसत्या चिठ्ठीवर पैसे देत नाही, तो जमिनीचे खरेदीखत लिहून घेतो आणि 'पैसे दिले की उलटून देतो' असे तोंडी सांगतो. म्हणून आजच सातबारा आणि फेरफार काढून बघा. जमीन अण्णांच्या नावावर असेल तर हा धोका कमी आहे, दादाच्या नावावर असेल तर खरा आहे. असे खत झालेले आढळले तर उपनिबंधकांकडे अर्ज करून चौकशी होते आणि जमीन परत मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

ठेव मोडायची असेल तर पैसे दादाच्या हाताला लागू देऊ नका. तुमच्या आकड्यांतच क्रम आहे. पोतीवरचे कर्ज वर्षाला दहा-बारा टक्क्यांचे असेल, सावकाराचे साठ टक्क्यांचे. म्हणून एक लाख मुद्दल सावकाराला, दोन साक्षीदारांसमोर, तुम्ही किंवा वहिनींनी स्वतः, शक्यतो बँकेतून, आणि चिठ्ठी, धनादेश, जे काही असेल ते त्याच क्षणी हातात परत घेऊन. महिन्याचे पाच हजार तिथेच थांबतात. उरलेले एक लाख लगेच वापरू नका. पोत वर्षभर बँकेत राहिली तरी बिघडत नाही, आणि एक गोष्ट रोखठोक सांगतो, सोने बँकेत आहे तोवर ते दुसरीकडे गहाण पडत नाही.

---

मांजराकाठची

निवृत्त_नांदेड, आपले आभार. जमीन पाच एकर अण्णांच्या आणि दोन एकर दादाच्या नावावर आहे. सातबारा आजच ऑनलाइन पाहिला. दोन एकरांवर इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे, बाकी काही दिसत नाही. कोऱ्या धनादेशाचे मात्र मी विचारलेच नव्हते. वहिनींना विचारले तर त्या म्हणाल्या की धनादेशाचे पुस्तक कपाटात आहे, पण त्यातले किती उरलेत ते पाहिलेले नाही.

---

जिंतूर_रोड

मी बायको या नात्याने लिहिते. माझ्या नवऱ्याने मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. शपथ मोडली तेव्हा त्याला खेळल्यापेक्षा शपथ मोडल्याची लाज जास्त वाटली, आणि ती लाज लपवायला त्याने जे केले ते आधीच्या सगळ्यापेक्षा महागात पडले. तुमच्या पत्रातून आईची शपथ काढा.

दुसरे, ४,७०,००० हा आकडा शेवटचा समजू नका. आम्ही पहिल्यांदा जे ऐकले ते खऱ्या देण्याच्या निम्म्याहून कमी होते. लपवले म्हणून राग आला, पण नंतर कळले की त्याने स्वतःसुद्धा कधी एका कागदावर बेरीज केलेली नव्हती. फोनवरून कागदपत्रांशिवाय मिळणारी छोटी कर्जे त्याच्या हिशेबातच नव्हती. पतमानांकनाचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो दादाबरोबर बसून काढा; बँका आणि कर्ज देणाऱ्या नोंदणीकृत कंपन्या त्यात दिसतात. सावकार आणि मित्र दिसत नाहीत, त्यासाठी त्याच्या तोंडूनच यादी हवी.

आणि बँकेचे उतारे पाहा. माझ्या नवऱ्याच्या खात्यावर अनोळखी माणसांकडून पैसे येऊन पुढे जात होते, कारण आयडीवाल्याने 'तुझे खाते दोन दिवस वापरू दे, उधारी कमी करतो' म्हटले होते. पुढे दुसऱ्याच कुठल्या राज्यातल्या फसवणुकीच्या तक्रारीत ते खाते गोठवले गेले, आणि त्यातच अनुदान जमा झालेले होते.

---

काळी_माती

मित्रांच्या पैशांबाबत निवृत्त_नांदेड यांचे मान्य. पण आयडीवाल्याला काहीच देऊ नये यावर मी ठाम आहे.

---

वहीवाल्याचा_भाऊ

कायद्याने आपण बरोबर आहात. पण तो दावा लावत नाही, तो माणसे घेऊन वावरात येतो. गावात राहायचे त्याला हे कागदावरचे उत्तर पुरत नाही. काही घरे मध्यस्थ घालून निम्म्यावर मिटवतात, काही पोलीस ठाण्यात अर्ज देतात आणि मग दारात कुणी येत नाही. दोन्ही पाहिले आहे, कोणते बरोबर ते मी सांगू शकणार नाही. फक्त मिटवायचे असेल तर आयडी बंद झाल्यावर मिटवा, आधी नको.

---

वॉर्ड_नंबर_नऊ

मी मनोविकार विभागात परिचारिका आहे, डॉक्टर नाही. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला जाणे हे जुगाराच्या आजाराच्या ठरलेल्या लक्षणांपैकी एक आहे. त्याबरोबर रक्कम वाढवत नेणे, घरच्यांशी खोटे बोलणे, दुसऱ्यांनी देणे फेडावे अशी वेळ आणणे हीही लक्षणे डॉक्टर विचारतात. पत्रात त्यातली बरीचशी दिसतात, पण निदान भेटूनच होते. त्यामुळे हिशेब पटला तरी तो थांबेल अशी खात्री धरू नका. आमच्याकडे आलेल्या एका रुग्णाला शक्यतेचे गणित माझ्यापेक्षा चांगले येत होते.

उपचार मुख्यतः बोलण्याचे असतात: कोणत्या वेळी, कोणत्या बातमीने, कोणाच्या संदेशाने हात फोनकडे जातो ते शोधणे आणि त्या वेळेला दुसरी सोय लावणे. रविवारची रात्र वरती कुणी लिहिली आहे, अगदी तेच. परभणीला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येईल. दादा दवाखान्यात यायला तयार नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर तो किंवा तुम्ही, कोणीही, कोणत्याही वेळी मराठीत बोलू शकता, पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट पत्रात नाही आणि ती राहून जायला नको. देणे उघडे पडते ते दिवस जिवाच्या दृष्टीने नाजूक असतात. त्याला सरळ विचारा की जीव नकोसा वाटतो का, तसे विचार येतात का. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलतो. आणि फवारणीची औषधे घरात असतील तर काही दिवस ती दुसऱ्याच्या कुलपात ठेवायला वहिनींना सांगा. 'हो' असे उत्तर आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

---

पूर्णेचा_पाहुणा

मी ॲपचे समजलो होतो. पण मग अण्णांना सांगायलाच हवे, घरातले मोठे ते. बापाचा धाक असला की माणूस सुधारतो.

---

जिंतूर_रोड

आमच्याकडे सासऱ्यांना सांगितले आणि त्यांनी अब्रूसाठी एक एकर विकून सगळे एका दमात फेडले. हंगाम उलटायच्या आत नवे देणे उभे होते. सांगू नका असे मी म्हणत नाही, पण फेडायची घाई त्यांना करू देऊ नका.

---

निवृत्त_नांदेड

माझे मत थोडे वेगळे आहे. पाच एकर ज्यांच्या नावावर आहेत त्यांना अंधारात ठेवले तर उद्या कुठल्या कागदावर सही मागितली जाईल आणि ते मुलावर विश्वासाने करतील. निदान 'मला विचारल्याशिवाय कुठेही सही करू नका' एवढे तरी त्यांना सांगावेच लागेल, आणि ते सांगितले की ते कारण विचारणारच.

---

मांजराकाठची

सर्वांचे वाचून शेवटचा परिच्छेद काढून टाकला आणि त्या जागी हे लिहिले आहे. अण्णांचा भाग मोकळा ठेवला आहे, कारण वहिनींचे आणि माझे त्यावर अजून एकमत नाही.

दादा, मी तुला पैसे देणार नाही आणि शपथही मागणार नाही. सावकाराचे एक लाख मुद्दल मी आणि वहिनी तुझ्याबरोबर येऊन देऊ आणि कागद परत घेऊ. त्याआधी मला तीन गोष्टी हव्या आहेत. आपण दोघांनी बसून केलेली सगळ्या देण्यांची यादी, ज्यात तू मला सांगितले नाहीस तेही असेल आणि ते वाचून मी आवाज चढवणार नाही. कोणाकडे सही केलेला धनादेश आहे त्याचे नाव. आणि आयडीवाल्याला माझ्यासमोर पाठवलेला संदेश, की खाते बंद कर आणि मर्यादा शून्य कर. फोनवरून पैसे पाठवायची सोय वहिनींच्या नंबरवर राहील. रविवारी संध्याकाळी मी लातूरहून फोन करेन आणि सामना संपेपर्यंत बोलत राहू, विषय कोणताही चालेल, फवारणीसुद्धा. पुढच्या आठवड्यात परभणीच्या दवाखान्यात मी सोबत येते. आणि एक प्रश्न मी समोर बसून विचारणार आहे, त्याचे खरे उत्तर दे: तुला जगणे नको झाले आहे का?

---

वॉर्ड_नंबर_नऊ

शेवटचा प्रश्न पत्रात नको. एकट्याने वाचायला तो फार जड आहे आणि उत्तर ऐकायला समोर कुणी नसेल. तो भेटीतच विचारा, आणि भेट लवकर ठेवा. बाकी पत्र पाठवा.

---

निवृत्त_नांदेड

सोयाबीनचे राहिले. आडत्याची उचल ८०,००० असल्याने माल मोंढ्यात गेला की तो पट्टीतून आधी ती कापून घेईल आणि उरलेले दादाच्या हातात रोख देईल. सणाच्या तोंडावर, हाती रोकड, ही वेळ सांभाळायची आहे. आडत्याला आताच भेटून सांगा की उचल यंदा निम्मी काप आणि राहिलेली रक्कम वहिनींच्या खात्यावर जमा कर. आडते ओळखीने ऐकतात, मात्र पट्टी दादाच्या नावाने निघत असेल तर त्याची लेखी संमती लागेल. तो संमतीचा कागद यादीच्या दिवशीच करून घ्या.

---

मांजराकाठची

आडत्या अण्णांच्या ओळखीचा आहे, म्हणजे अण्णांचा प्रश्न तिथेच पुन्हा येतो. वहिनींशी आज रात्री बोलते. शनिवारी शाळा अर्धा दिवस आहे, दुपारच्या एसटीने सेलूला जाते. पत्र टपालाने न पाठवता हातातच देईन.